V/I टाकून सर्किट फिरवत बसणं म्हणजे न्यूटन नव्हे

"करंट व्होल्टेजच्या स्क्वेअरने जातो असा रेझिस्टर असला की न्यूटन एकदम सोपं. एक गेस घ्या, त्याच्यावर V/I ने रेझिस्टन्स काढा, तो टाकून सर्किट सोडवा, नवा V आला की परत तेच. गेस कुठलाही घ्या, उत्तर एकच येतं. लागोपाठचे दोन V सेम आले की विषय संपला. आणि तसंही क्वाड्रॅटिकचा फॉर्म्युला आहेच, न्यूटन फक्त मार्कांपुरतं."

नॉनलिनिअर सर्किट सोडवायच्या न्यूटन-राफसन पद्धतीबद्दलचा हा मेसेज. हवेत वाद नको, एक सर्किट घेऊ आणि त्याच्यावरच सगळं तपासू. ६ व्होल्टचा सोर्स, त्याला सिरीजमध्ये १ किलोओहमचा साधा रेझिस्टर, आणि पुढे नोडपासून ग्राउंडपर्यंत आपला नॉनलिनिअर, ज्याचा `i = k v²` आणि k इतका की १ व्होल्टवर १ मिलिअँप जातो. मिलिअँप, व्होल्ट, किलोओहम असे युनिट धरले की नोडवरचा किरचॉफचा करंट नियम, म्हणजे केसीएल, एवढाच उरतो: `(v - 6) + v² = 0`. उत्तर २ व्होल्ट, करंट ४ मिलिअँप. आकडे मुद्दाम असे घेतलेत की तोंडी ताळा करता यावा.

आता पहिला मुद्दा, V/I वाला. गेस १ व्होल्ट, करंट १ मिलिअँप, म्हणजे रेझिस्टन्स १ किलोओहम, डिव्हायडर सोडवला की ३ व्होल्ट. परत केलं की १.५, मग २.४, मग १.७६, मग २.१७, मग १.८९... असं इकडून तिकडे झोके घेत घेत २ कडे जातं. जातं हे खरं आहे, चुकीचं उत्तर देत नाही, त्यामुळेच लोकांना वाटतं हेच न्यूटन. पण इथे चूक दर वेळी साधारण दोन तृतीयांश होते, बस. सोर्स वाढवून ९० व्होल्ट केला (उत्तर तेव्हा ९ व्होल्ट येतं) तर चूक दर फेरीला फक्त दहा टक्के कमी होते, म्हणजे एक दशांश स्थान पक्कं करायला वीस-बावीस फेऱ्या. आणि स्क्वेअरच्या जागी क्यूब असता तर अजून वाईट. `i = v³` आणि १० व्होल्टचा सोर्स घ्या, उत्तर तिथेही २ व्होल्टच आहे, पण २.१ वरून सुरू केलं तर १.८५, मग २.२६, म्हणजे उत्तराच्या इतक्या जवळून निघूनसुद्धा लांबच चाललंय. स्क्वेअरमध्ये निभावतं म्हणून पद्धत बरोबर ठरत नाही.

न्यूटन V/I बघतच नाही, तो कर्व्हचा त्या पॉइंटवरचा उतार बघतो. `k v²` चा उतार `2kv`, म्हणजे V/I वाल्या कंडक्टन्सच्या बरोबर दुप्पट. पण नुसता उतार घेऊन भागत नाही हो, कारण ती स्पर्शिका ओरिजिनमधून जात नाही. १ व्होल्टवरची स्पर्शिका खाली ओढत नेली तर ती शून्य व्होल्टवर उणे १ मिलिअँपला टेकते. म्हणून डिव्हाइसच्या जागी दोन गोष्टी बसतात, २ मिलिसीमेन्सचा कंडक्टन्स, म्हणजे ५०० ओहमचा रेझिस्टर, आणि त्याला पॅरलल एक करंट सोर्स जो नोडमध्ये १ मिलिअँप आत ढकलतो. स्पाइस या सर्किट सिम्युलेटरवाले याला कंपॅनियन मॉडेल म्हणतात. नोड लिहिला: `(v - 6) + 2v - 1 = 0`, म्हणजे `3v = 7`, v आला २.३३३. पुढच्या फेरीला उतार नवा, सोर्स नवा, उत्तर २.०१९६. मग २.००००७६, आणि त्याच्या पुढे नवव्या दशांश स्थानात फरक. चार फेऱ्या. हे बघितलं की झोके घेणाऱ्या पद्धतीला न्यूटन म्हणायची इच्छाच होत नाही.

आता मधली एक चूक सांगतो जी या मेसेजमध्ये नाहीये पण तो वाचून अर्धवट सुधारणा करणारे हमखास करतात. कोणीतरी सांगतं की V/I नको, डायनॅमिक रेझिस्टन्स घे, मग तो ५०० ओहम घेतात आणि करंट सोर्स विसरतात. आपल्या सर्किटवर हे करून बघा, १ वरून २, मग १.२, मग १.७६, असे झोके घेत ते शेवटी स्थिर होतं, आणि स्थिर होतं कुठे तर १.५ व्होल्टवर. छान कन्व्हर्ज होतं, आकडा सुटसुटीत येतो, आणि उत्तर साफ चूक.

इथूनच थांबायचा मुद्दा घेतो, क्रम सोडून, कारण तोच जास्त महत्त्वाचा आहे. त्या १.५ वर लागोपाठचे V अगदी सहा दशांशापर्यंत सेम येतात. मेसेजच्या नियमाने विषय संपला. पण केसीएल तपासा, रेझिस्टरमधून येतोय साडेचार मिलिअँप आणि डिव्हाइस १.५ व्होल्टला घेतंय सव्वादोन. उरलेले सव्वादोन मिलिअँप गेले कुठे? V थांबला याचा अर्थ तुमची फिरवाफिरव थांबली एवढाच, सर्किट सुटलं असा नाही. म्हणून स्पाइसमध्ये दोन्ही बघतात, नोड व्होल्टेजचा फरक ०.१ टक्के अधिक १ मायक्रोव्होल्ट याच्या आत हवा, आणि नॉनलिनिअर ब्रँचचा करंटसुद्धा ०.१ टक्के अधिक १ पिकोअँप याच्या आत जुळायला हवा. हे डिफॉल्ट आकडे आहेत, RELTOL, VNTOL, ABSTOL या नावाने बदलता येतात.

आणि स्क्वेअर लॉमध्ये तर एक भारी ताळा फुकट मिळतो, जो माझ्या मते शिकवतानाच सांगायला हवा. स्पर्शिकेने सांगितलेला करंट आणि खरा `k v²` यातला फरक बरोबर `k (Δv)²` असतो, अंदाजे नाही, अगदी बरोबर, कारण स्क्वेअरच्या पुढे टेलरमध्ये काही उरतच नाही. १ वरून २.३३३ ला गेलो, उडी १.३३३ ची, वर्ग १.७७८, आणि २.३३३ वर केसीएल मांडला तर बाकी येते तीच १.७७८ मिलिअँप. पुढची उडी ०.३१४, बाकी ०.०९८४, परत जुळलं. तुमच्या कोडमध्ये हे जुळत नसेल तर उतार नाहीतर करंट सोर्स चुकलाय, कन्व्हर्ज होवो न होवो. करंट सोर्सचं चिन्ह उलटं पडलेलं तर पहिल्याच फेरीत पकडलं जातं.

गेस कुठलाही चालतो, याचं काय? `v² + v - 6` ला दोन रूट आहेत, २ आणि उणे ३. गेस उणे १ घेतला तर पुढे उणे ७, मग उणे ४.२३, उणे ३.२०, आणि निवांत उणे ३ वर जाऊन बसतो. केसीएलसुद्धा जुळतो, ९ मिलिअँप येतायत आणि ९ जातायत, म्हणजे आत्ताच सांगितलेला ताळा इथे वाचवत नाही. पकडायचं पॉवरवरून. डिव्हाइसवर उणे ३ व्होल्ट आणि आत जाणारा करंट अधिक ९ मिलिअँप, गुणाकार उणे २७ मिलिवॅट, म्हणजे रेझिस्टर उलट सर्किटला पॉवर पुरवतोय! असा रेझिस्टर मिळाला तर मलाही कळवा. दोष न्यूटनचा नाही, मॉडेलचा आहे, `v²` ऋण व्होल्टेजलाही करंट धनच सांगतो. खरं डिव्हाइस दोन्हीकडे सारखं असेल तर `k v|v|` लिहायचं. डायोडसारखा जोडलेला, गेट-ड्रेन शॉर्ट केलेला मॉसफेट असेल तर थ्रेशोल्डच्या वरच्या व्होल्टेजचा स्क्वेअर आणि थ्रेशोल्डखाली शून्य, म्हणजे लाँग चॅनेलच्या पुस्तकी मॉडेलमध्ये तरी. `v|v|` घेतलं की उतार `2k|v|`, तो कधीच ऋण होत नाही, रूट एकच उरतो, आणि त्याच उणे १ वरून १.६६७, २.०२६, २.०००१३ असं सरळ घरी येतो.

दुसरी भानगड, परत साध्या `v²` मध्येच, उणे ०.५ ची. तिथे केसीएलचा उतार `2v + 1` शून्य होतो, भागाकारच होत नाही, आणि अगदी शेजारी, उणे ०.४९ वर, पुढची उडी जाते ३१२ व्होल्टवर, सहा व्होल्टच्या सर्किटमध्ये. तिथून परत येतो, पण येताना १५६, ७८, ३९ असा फक्त निम्मा निम्मा होत येतो. न्यूटनमध्ये दर फेरीला बरोबर अंक दुप्पट होतात असं जे पाठ केलेलं असतं ते रूटच्या जवळचं आहे, लांबून तो निम्म्यानेच उतरतो. डायोडच्या एक्स्पोनेन्शियलपेक्षा हे खूप बरं, तिथे एवढी उडी गेली की आकडा ओव्हरफ्लोच होतो. शून्य गेस आपल्या सर्किटमध्ये चालतो, पहिली उडी सरळ ६ वर जाते आणि मग खाली येतो. पण असे दोन डिव्हाइस सिरीजमध्ये असतील आणि मधल्या नोडला दुसरं काहीच जोडलेलं नसेल तर शून्य गेसवर दोन्हींचा उतार शून्य, मधला नोड हवेत, मॅट्रिक्स सिंग्युलर. स्पाइस जंक्शनना GMIN नावाचा बारीकसा कंडक्टन्स लावतं त्याचं एक कारण हेच, डिफॉल्ट `1e-12` सीमेन्स. हातच्या कोडमध्ये गेस ०.१ घेतला तरी काम भागतं.

फॉर्म्युल्याचं म्हणाल तर एका नोडला आहेच, नाही कोण म्हणतंय. दोन नोड घ्या, दोन्हीवर असा एकेक डिव्हाइस आणि मधे रेझिस्टर, एक व्हेरिएबल काढून टाकला की चौथ्या डिग्रीचं समीकरण उरतं, तीन नोडला आठव्या डिग्रीचं, ते सोडवा फॉर्म्युल्याने.

कोड एवढाच आहे, शेवटचे दोन कॉलम सेम येतायत का तेवढं बघा:

```python
k, R, E, v = 1e-3, 1e3, 6.0, 1.0
for n in range(20):
    g = 2*k*abs(v)
    Ieq = k*v*abs(v) - g*v
    vn = (E/R - Ieq) / (1/R + g)
    dv, v = vn - v, vn
    kcl = (v - E)/R + k*v*abs(v)
    print(n+1, v, kcl, k*dv*dv)
    if abs(dv) < 1e-6 and abs(kcl) < 1e-9:
        break
```

१ वरून सुरू केलं तर पाच ओळी छापतो, पाचवी फक्त खात्रीची, तिथे दोन्ही कॉलम जवळपास शून्य. `v` ला -1.0 देऊन चालवलं तर पहिल्या ओळीत ते दोन कॉलम जुळणार नाहीत, त्यावरून कोड चुकला म्हणू नका, ती उडी शून्य ओलांडून गेलीय आणि `v|v|` चा कर्व्ह तिथे वळण बदलतो, दुसऱ्या ओळीपासून परत जुळतात.