तिसऱ्या दिवसाचा धोका

"वडिलांनी वीस वर्षांची दारू परवा एकदम सोडली. हात थरथरतात, पण शुद्धीवर आहेत. धोका टळला ना?"

नाही, सर्वांत गंभीर टप्पा अजून पुढेच आहे. दारू मेंदूला सतत दाबून ठेवते आणि त्यावर मात करण्यासाठी मेंदू वर्षानुवर्षे आपली उत्तेजना वाढवत नेतो. दारू एकाएकी थांबली की दाब जातो, पण वाढलेली उत्तेजना काही दिवस तशीच राहते. थरथर आणि घाम साधारण ६ ते १२ तासांत सुरू होतात, फिट बहुधा पहिल्या ४८ तासांत येते, आणि डिलिरियम ट्रेमेन्स हा जीवघेणा भ्रम बहुधा ४८ ते ९६ तासांच्या दरम्यान उद्भवतो.

माझे काका तिसऱ्या रात्री चादरीवरचे नसलेले किडे वेचत होते आणि मला त्यांच्या दिवंगत भावाच्या नावाने हाक मारत होते. अंग तापलेले, नाडी धावत होती. झोप न झाल्याचा परिणाम समजून आम्ही सकाळपर्यंत थांबलो, ही आमची घोडचूक होती.

वडिलांना आजच रुग्णालयात न्या, आणि पूर्वी कधी फिट आली असल्यास ते आधी सांगा. तेथे मेंदूची उत्तेजना शांत करणारे डायझेपामसारखे औषध लक्षणे पाहून देतात व हळूहळू कमी करतात, शिवाय थायमिन म्हणजे ब१ जीवनसत्त्वाचे इंजेक्शन देतात. घरी झोपेच्या गोळ्या मात्र कृपया देऊ नका.