‘७.१’चा शिक्का आणि मागून येणारी पावलं

“गेमिंग हेडसेट घ्यायचा तर ७.१ सराउंडचाच घ्या, स्टिरिओवर मागचा शत्रू कळतच नाही. नॉइज कॅन्सलिंग माइक असेल तर पंखा खुशाल चालू ठेवा. आणि जाड लेदरचे कुशन असले की रात्रभर खेळा, कान दुखणार नाहीत.”

हेडसेट घेताना असा सल्ला सर्रास मिळतो. त्यातल्या पहिल्या दाव्यापायी सगळ्यात जास्त पैसे जातात. ७.१ म्हणजे भोवती सात स्पीकर आणि बेससाठी एक वेगळा. पण बहुतेक ‘७.१’ हेडसेटमध्ये प्रत्येक कानाला एकच ड्रायव्हर, म्हणजे छोटा स्पीकर, असतो. सराउंडचा भास सॉफ्टवेअर निर्माण करतं. आवाज पुढून आला की मागून, हे मेंदू ओळखतो ते बाहेरच्या कानाच्या वळणांमुळे आवाजात होणाऱ्या बारीक बदलांवरून. त्या बदलांची नक्कल करायला दोन ड्रायव्हर पुरतात, आणि काही गेम ती स्वतःच करतात. काउंटर-स्ट्राइकमध्ये ही सोय २०१६ पासून आहे, व्हॅलोरंटच्या ऑडिओ सेटिंगमध्ये ती HRTF या नावाने दिसते. तिच्यावर हेडसेटचं ७.१ चालू केलं, की प्रक्रिया झालेल्या आवाजावर पुन्हा प्रक्रिया होते. मग पावलं घुमतात आणि दिशा पसरट होते.

खात्री करायची असेल तर मित्राला कस्टम मॅचमध्ये घ्या. डोळे मिटा, त्याला तुमच्याभोवती चालू द्या आणि तो कुठे आहे ते बोटाने दाखवा. आधी HRTF चालू आणि ७.१ बंद, मग दोन्ही चालू. पुढचं-मागचं कधी जास्त चुकतं ते लगेच कळेल. गेममध्ये अशी सोयच नसेल, पण तो ७.१ आवाज पाठवत असेल, तर सराउंडचा उपयोग होऊ शकतो. पण त्यासाठी विंडोजमधलं Windows Sonic फुकट आहे.

माइकच्या बाबतीत अंतर सगळ्यात महत्त्वाचं. माइक तोंडापासून दुप्पट लांब गेला की तुमचा आवाज सुमारे ६ डेसिबलने उतरतो, पंख्याचा मात्र तेवढाच राहतो. म्हणून वळणारी दांडी हवी, जी ओठांच्या कोपऱ्याशी दोन-तीन सेंटिमीटरवर, श्वासाच्या झोताबाहेर थांबेल. नॉइज कॅन्सलिंग जोरात लावलं तर पंख्याबरोबर शब्दांची टोकंही कापली जातात. पुण्याच्या तपकीर गल्लीत ३.५ मिमीचा हेडसेट बघत असाल तर तो फोनला जोडून दुकानातच आवाज रेकॉर्ड करा. गल्लीतला गोंगाट पंख्यापेक्षा कडक परीक्षा घेतो. ब्लूटूथवर माइक चालू झाला की ऐकू येणाऱ्या आवाजाचा दर्जा सहसा घसरतो. त्यामुळे वायरलेस हवाच असेल तर २.४ गिगाहर्ट्झचा डोंगल असलेला घ्या.

आता कुशन. पुण्याच्या एप्रिल-मेमध्ये कृत्रिम लेदरखाली कान घामेजतात. कापडी कुशन हवेशीर असतात, पण त्यांतून बाहेरचा आवाज जास्त आत येतो आणि बेस थोडा कमी होतो. कान दुखण्यामागे मात्र कुशनपेक्षा पट्ट्याचा दाब जास्त असतो. चष्मा असेल तर दाबाने काडी कानामागे रुतते, आणि हे पाच मिनिटांत जाणवत नाही. चष्मा घालूनच पंधरा-वीस मिनिटं हेडसेट डोक्यावर ठेवा. दुकानदार तेवढा वेळ देत नसेल, तर परत घेण्याची मुदत विचारून मगच पैसे द्या.