केमोनंतरचा ताप अंगावर काढू नये

"केमो सुरू असताना ताप आला तर घाबरू नका, औषध लागू पडल्याची ती खूण आहे. पॅरासिटामॉल घेऊन दोन दिवस वाट पाहा. दवाखान्यात गेलात की ॲडमिट करून बिल वाढवतात. उलट्या-जुलाब होणारच, ते सोसावेत."

हा मजकूर माझ्या मावशीच्या फोनवर पहिल्या केमोच्या आदल्या दिवशी आला, आणि तोही घरातल्याच माणसाकडून. म्हणून हे लिहिणे भाग आहे.

सर्वांत घातक मुद्दा तापाचा. केमोची औषधे झपाट्याने वाढणाऱ्या पेशी मारतात आणि अस्थिमज्जेत रोज तयार होणाऱ्या पांढऱ्या पेशीही त्यात सापडतात. बऱ्याच औषधांनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसांत त्यांतील न्यूट्रोफिल या जंतूंशी लढणाऱ्या पेशींची संख्या तळाला जाते. जंतुसंसर्ग झाल्यावर दिसणारा पू आणि सूज याच पेशींमुळे असते. त्या नसल्या की अनेकदा ताप हीच एकमेव खूण उरते आणि पॅरासिटामॉल नेमकी तीच पुसून टाकते. संसर्ग मात्र आत वाढत राहतो आणि काही तासांतही रक्तदाब कोसळू शकतो.

समजा, दहाव्या दिवशी संध्याकाळी ताप 100.6 अंश फॅरनहाइट भरला, पण रुग्ण चालता-बोलता आहे. रक्ततपासणीत पांढऱ्या पेशी 900 आणि त्यांत न्यूट्रोफिल 20 टक्के, म्हणजे अवघे 180 निघाले. 500 च्या खालचा आकडा गंभीर मानतात. अमेरिकेतील कर्करोग व संसर्गरोग तज्ज्ञांच्या संघटनांची संयुक्त मार्गदर्शिका सांगते, की असा रुग्ण पोहोचल्यापासून तासाभरात अँटिबायोटिकचा पहिला डोस जावा. कमी धोक्याच्या निवडक रुग्णांना काही तास देखरेखीखाली ठेवून गोळ्यांवर घरी पाठवता येते, असेही तीच म्हणते. बिलाच्या आरोपाला एवढे उत्तर पुरे.

औषधामुळेही ताप येतो, एवढे मान्य करावे लागेल. जेमसिटाबिन या केमोच्या औषधानंतर किंवा पांढऱ्या पेशी वाढवण्याच्या इंजेक्शननंतर तो येऊ शकतो. पण तो कशाचा, हे तपासणीशिवाय घरी ठरवता येत नाही, आणि गाठ विरघळत असल्याचा तर तो पुरावा मुळीच नव्हे.

उलट्या सोसायच्या नसतात. त्यांसाठी दिलेल्या गोळ्या सांगितलेल्या वेळेलाच घ्याव्यात. केस गळणे, तोंडाची चव जाणे आणि थकवा अपेक्षित आहे. डॉक्सोरुबिसिन या लाल औषधानंतर एक-दोन दिवस लघवी लालसर होते, ते रक्त नव्हे. मात्र पाणीही पोटात टिकत नसेल, नेहमीपेक्षा चार-पाच वेळा जास्त जुलाब झाले, तोंडाच्या फोडांमुळे गिळता येईना किंवा सुई टोचलेली जागा लाल होऊन जळजळू लागली, तर त्याच दिवशी केमो देणाऱ्या रुग्णालयाला फोन करावा. ताप 100.4 वर गेला किंवा तापाविना हुडहुडी भरली, तर रात्री दोन वाजताही फोन करावा आणि विचारल्याशिवाय पॅरासिटामॉल घेऊ नये. दम लागणे किंवा न थांबणारा रक्तस्राव असेल, तर फोनवर वेळ न घालवता थेट तातडीच्या विभागात जावे. फोन उचलणाऱ्याला पहिल्याच वाक्यात केमोचे औषध आणि शेवटच्या डोसची तारीख सांगावी.