एफ आला म्हणून कुठलीही टेस्ट लावायची काय?

सबमिशनचा आठवडा आला की सांगलीतली शेतीची पोरं पेनड्राइव्ह घेऊन माझ्या दारात हजर. पालुपद एकच, "सर, गाईड म्हणालेत तारे आले पाहिजेत." तारे म्हणजे तक्त्यात फरक लक्षणीय असल्याची खूण, पण ते दाखवायला मी काय ज्योतिषी आहे?

परवाची फाईल बघा. हळदीच्या कुंड्या, एक कंट्रोल आणि तीन जिवाणू खतं. प्रत्येकी ५ कुंड्या, जागा चिठ्ठ्या टाकून ठरवलेल्या (इथवर पोरगं शहाणं, नावं ठेवायला जागा नाही). ओल्या कंदांचं सरासरी वजन कंट्रोलला ३१० ग्रॅम, अ खताला ३१८, ब ला ३४४, क ला ३५०. एरर मीन स्क्वेअर ४००. चारही सरासऱ्या एकदम तपासणाऱ्या अनोव्हाचा एफ आला ४.७५, पाच टक्क्यांना हवा होता ३.२४. म्हणजे चारही सरासऱ्या सारख्या नाहीत, बास. कोण कुणापेक्षा वेगळं, हे अनोव्हा सांगतच नाही.

तर गाईडसाहेबांनी सहा जोड्यांच्या सहा टी-टेस्ट लावायला सांगितल्या! अहो, खतांत काडीचा फरक नसला तरी चार गटांत अशी सगळी तुलना केली की एखादा खोटा तारा निघण्याची शक्यता पाच टक्के राहत नाही, वीस टक्क्यांच्या आसपास जाते. सीडीचं, म्हणजे दोन सरासऱ्यांत लागणाऱ्या किमान फरकाचंही तेच. इथं ती २६.८ येते, आणि तिच्या जोरावर क हे अ पेक्षा सरस म्हणून छापायला हे मोकळे! फरक फक्त ३२ चा.

सगळ्या जोड्या खरंच तपासायच्या असतील तर टुकी लावा. त्याला ३६.२ चा फरक लागतो, मग फक्त क आणि कंट्रोलची जोडी टिकते. पण या पोराच्या सिनॉप्सिसमध्ये प्रश्न काय लिहिलाय? "कंट्रोलपेक्षा कुठलं खत चांगलं?" मग तुलना तीनच, आणि त्यासाठी डनेट आहे. त्याची मर्यादा ३२.८. ब चा फरक ३४, क चा ४०, दोन्ही बसतात. एकच आकडे, पण ब टुकीत पडतो आणि डनेटमध्ये पास होतो. म्हणूनच टेस्ट आकडे बघायच्या आधी ठरवायची असते, महाराज!

आणि एका गटातल्या कुंड्या एकसारख्या, दुसऱ्यातल्या वाट्टेल तशा विखुरलेल्या असतील तर हे सगळं बाजूला ठेवून वेल्चचा अनोव्हा आणि गेम्स-हॉवेल. ते रेसिड्युअल प्लॉटवर दिसतं. प्लॉट काढतंय कोण?

हे सगळं गाईडसाहेबांना फोनवर सांगितलं, तर पलीकडून उत्तर काय? "ते डनेट-बिनेट राहू द्या, टुकीत ब जातोय ना, मग डंकन लावून बघा की." तारा येणारच हो डंकननं! ब ला तिथं २८ च्या वर फरक असला की भागतं, कारण सहा जोड्यांची मिळून चूक पाच टक्क्यांत ठेवायची जबाबदारीच तो घेत नाही.