एएमसी हमखास रिन्यू करून घ्यायची असेल तर

बेळगावच्या उद्यमबागेतल्या एखाद्या फाउंड्रीत तुमची तीन स्क्रू कॉम्प्रेसरची एएमसी आहे, 31 मार्चला ती संपते, आणि जानेवारीत ऑक्टोबर ते डिसेंबरची तिमाही आढावा बैठक आहे. घाबरू नका. थोडी तयारी केलीत की काम झालंच म्हणून समजा.

पहिलं म्हणजे अपटाइमचा आकडा. समजा, तीन नंबरचं मशीन सेपरेटर यायची वाट बघत 29 तास उघडं पडलं होतं आणि तेवढ्यातच दोन नंबर 11 तास बंद पडलं. म्हणजे एकूण 40 तास. हे 40 तास असे उघडे सांगायचे नसतात. तीन मशीन, 92 दिवस, रोजचे 24 तास, म्हणजे 6,624 तास. त्यात 40 म्हणजे काय, चिमूटभर मीठ! पहिल्याच स्लाइडवर मोठ्या हिरव्या अक्षरांत लिहा: अपटाइम 99.4 टक्के. त्या लाइनला एका वेळी दोन मशीन लागतात, तिसरं स्टँडबाय असतं, आणि ते 11 तास एकट्या एक नंबरवर प्रेशर 4 बारवर येऊन मोल्डिंग थांबलं होतं, हे सरासरीत दिसत नाही. सरासरी त्यासाठीच असते. फर्नेसमधला तयार रस ओतायला साचा नाही म्हणून पिग करून टाकावा लागला, तो हिशेब त्यांचा. तुम्ही कॉम्प्रेसरवाले, लोखंडाशी तुमचा काय संबंध?

दुसरं, रिस्पॉन्स टाइम. करारात 4 तास लिहिलेत. मशीन रात्री 2:10 ला ट्रिप झालं, शिफ्टच्या सुपरवायझरनं तुमच्या टेक्निशियनला लगेच फोन केला, त्यानं झोपेत ‘हौदरी, येतो’ म्हटलं आणि कूस बदलली. पण फोनला कुठं कॉल म्हणतात? ऑफिसमधून मेल आला 9:30 ला. कॉल तेव्हा नोंदला. पोरगा पोचला 11:05 ला. म्हणजे रिस्पॉन्स 1 तास 35 मिनिटं. करारापेक्षा निम्म्याहून कमी वेळात! यावर एक वेगळी स्लाइड करा.

ट्रिप कशानं झालं, असं कुणी विचारलंच तर व्होल्टेज म्हणा. आपल्याकडं व्होल्टेजवर कुणी वाद घालत नाही. फक्त एक किरकोळ अडचण आहे. कंट्रोलरला फॉल्ट हिस्ट्री असते. त्यात ‘हाय डिस्चार्ज टेम्परेचर’ तारीखवेळेसकट बसलेलं असतं, आणि मेंटेनन्सवाल्यानं त्याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवलेला असतो. शिवाय रनिंग अवर्सही तिथंच दिसतात. 2,000 तासांची सर्व्हिस 2,600 ला झाली, तोवर वाळूची धूळ तेलात कालवून कूलरच्या फिनांवर लेप बसला, हे त्यांना शाळेत न जाता कळतं. म्हणून मेंटेनन्सवाल्यांना बैठकीला बोलावूच नका. मालक आणि पर्चेस, दोघं पुरे.

बैठकीच्या आठ दिवस आधी त्या मेंटेनन्सवाल्याकडं जाऊन चहा पीत त्याची वही आणि आपली यादी कॉलवार जुळवत बसणारे काही भोळे लोक असतात. मतभेद तिथंच मिटवतात. मग मालकासमोर स्वतःच सांगतात, ‘सर, त्या रात्री 11 तास लाइन थांबली, चूक आमची, करारातला दंड या बिलातून वजा केलाय.’ वर एक सेपरेटर त्यांच्याच स्टोअरमध्ये आणून ठेवतात, आणि मार्च ते मे दर महिन्याला कूलर धुवायच्या तारखा लिहून देतात. एवढं करून आठ टक्के वाढ मागताना यांना लाज वाटत नाही, आणि गंमत म्हणजे ती मिळते. तुम्ही असल्या नादी लागू नका. तुमची बारा टक्के शेवटच्या, अडतिसाव्या स्लाइडवर बारीक अक्षरांत ठेवा. तोवर मालक दोनदा घड्याळ बघून झालेले असतात.

कुंदा न्यायला विसरू नका. एक किलोचा डबा, मालकांच्या टेबलावर, पहिल्या स्लाइडच्या आधी. गेल्या खेपेला आमचं सगळं असंच जुळून आलं होतं. 1 तास 35 मिनिटांची स्लाइड आली तशी पर्चेसवाल्या बाईंनी नुसतं विचारलं, ‘कॉल किती वाजता केला होता आम्ही?’ आणि मालकांनी बेल दाबून गेटवरचं रजिस्टर मागवलं. त्या रजिस्टरात आमच्या पोराची 11:05 ची सही होती, आणि खालीच सुपरवायझरनं पेन्सिलीनं लिहिलं होतं, ‘रात्री 2:10 ला फोन केला’. आठ तास पंचावन्न मिनिटं. बाईंनी तिथंच बोटांवर मोजलं. डबा तोवर उघडलाही नव्हता.

तेव्हा परतताना गेटवर आउट टाइम स्वतःच्या हातानं लिहा, सवय बरी. मी 12:30 लिहिलं. वॉचमननं भिंतीवरच्या घड्याळाकडं बघितलं, माझ्या हातातलं पेन घेतलं, 30 खोडलं आणि 12:10 केलं.