बॉनेट बंदच आहे, कितीदा सांगू!

परत तेच! गाडी जरा खड्ड्यातून गेली की बॉनेट उघडं असल्याचा दिवा हजर, वर टिंग टिंग. उतरून बघावं तर बॉनेट घट्ट बसलेलं. दोष लॅचमधल्या चिमुकल्या स्विचचा. त्याचं बटण झिजलंय, त्यावर ग्रीस-धुळीचा चिखल. लॅच नीट बसला तरी ते पुरतं दाबलं जात नाही. बॉनेट उघडून तेच बटण बोटाने दाबून धरा, दिवा मुकाट विझतो! पेट्रोलच्या झाकणाचंही हेच रडगाणं, पण ते उघडं राहिलं तर फार तर फडफडेल. बॉनेट खरंच सुटलं तर वेगात थेट काचेवर आदळायचं, आणि नेमकं त्याच दिव्याकडे बघणं मी सोडलंय. गॅरेजवाला म्हणतो, स्विच सुटा मिळत नाही, अख्खा लॅचच बदला. घ्या!