शेवटचा हप्ता गेला? आता खुशाल झोपा!

अभिनंदन! घराचं कर्ज फिटलं. हप्ता कापल्याचा मेसेज आला, घरी पेढे आले, बायकोने देवापुढे दिवा लावला. आता बँकेकडे फिरकायचं काही कारण उरलेलं नाही. तरीही कुणी आगाऊ मित्र "क्लोजर स्टेटमेंट घेतलंस का? नो ड्यूज बघितलंस का?" असं विचारायला आलाच, तर त्याच्याकडे दुर्लक्ष कसं करायचं याचं हे मार्गदर्शन. अनुभव ताजा आहे, मे ते जुलै असा नाशिकला कॉलेज रोडच्या एका शाखेत मिळवलेला. बँकेचं नाव सांगत नाही. सगळ्यांनाच ती आपलीच वाटेल.

पहिली गोष्ट, नो ड्यूज, म्हणजे काही बाकी नाही असं बँकेचं पत्र, हातात पडलं की वाचू नका. घडी घाला आणि कपाटात ठेवा. वाचलंत तर नसते प्रश्न पडतात. मला मिळालेल्या पत्रात कर्ज खात्याचे शेवटचे दोन आकडे उलटसुलट होते आणि सहकर्जदार म्हणून बायकोचं नावच नव्हतं. खाली बारीक अक्षरात "हे पत्र संगणकाने तयार केले असल्याने सहीची आवश्यकता नाही." तलाठी मात्र सही-शिक्क्याशिवाय हातही लावत नाहीत. पण तुम्ही कशाला तलाठ्याकडे जाताय? सातबाऱ्याच्या इतर हक्कात बँकेचा बोजा असला म्हणून काय बिघडलं? घर विकायला काढाल तेव्हा गिऱ्हाईकच सांगेल. ई-हक्क पोर्टलवर 'बोजा कमी करणे' असा अर्ज घरबसल्या करता येतो म्हणे, पण घरी बसून करायला टीव्ही आहे की.

विम्याचा हप्ता कर्जातूनच भरला होता का, त्याचं वेगळं खातं उघडलं होतं का, टॉप-अप घेतलं होतं का, हे आठवू नका. नो ड्यूज एकाच खात्याचं असतं.

ऑटो-डेबिटचा मँडेट रद्द करू नका. बँकेला सवय झालेली असते, एखादा हप्ता चुकून जास्त गेला तर काय झालं.

आता मुख्य काम. क्लोजर स्टेटमेंट, म्हणजे कर्ज खातं बंद करतानाचा हिशोब. हे मागूच नका. आणि मागितलंच, तर फक्त मुद्दल आणि व्याज यांच्यापुढचं शून्य बघा, खुश व्हा आणि मागे फिरा. 'इतर शुल्क' नावाची जी शेवटची ओळ असते, तिच्याकडे तर अजिबात बघू नका. आमच्या स्टेटमेंटमध्ये तिथे 590 रुपये होते. 500 शुल्क आणि त्यावर 18 टक्के जीएसटी. कशाचे? 2019 साली हप्ता आपोआप कापण्याच्या जुन्या ईसीएस पद्धतीवरून नव्या मँडेटवर जाताना बँकेच्याच घोळामुळे एक हप्ता परत गेला होता. तो हप्ता मी दोन दिवसांत भरला, पावती आहे. पण परतीचं शुल्क मात्र खात्यात तसंच पडून राहिलं. इतकी वर्षं कुणी मागितलं नाही, कुणी कळवलं नाही. दरवर्षी आयकरासाठी जे प्रमाणपत्र येतं त्यात फक्त मुद्दल आणि व्याज असतं, शुल्क नसतं. मग ते दिसणार कुठून?

गंमत अशी, की ज्या टेबलावरून 9 मे रोजी "आमच्या नोंदीनुसार कोणतीही येणे बाकी नाही" असं पत्र मिळालं, त्याच टेबलावरून 12 मे रोजी 590 रुपये बाकी असल्याचं स्टेटमेंट मिळालं. मी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले. साहेब म्हणाले, "सर, ते पत्र वेगळ्या सिस्टीममधून निघतं." बरोबर आहे. बाकी एका सिस्टीममध्ये, बेबाकी दुसऱ्या सिस्टीममध्ये, आणि गिऱ्हाईक द्वारकेच्या सिग्नलवर.

स्टेटमेंटच्या डोक्यावर खात्याची स्थिती लिहिलेली असते, तीही बघू नका. आमच्या खात्यापुढे 'सक्रिय' होतं. हप्ता 5 मे रोजी गेलेला, पण खातं जिवंत. शुल्क माफ करायची फाईल 'वर' गेली, वरून खाली आली, मंजूर झाली नाही. शेवटी भरले 590, आणि खातं बंद झाल्याची तारीख पडली 20 जून. मूळ कागद मिळाले 18 जुलैला.

इथून मात्र मला थट्टा करवत नाही.

रिझर्व्ह बँकेचा 13 सप्टेंबर 2023 चा आदेश आहे, 1 डिसेंबर 2023 पासून लागू. कर्ज पूर्ण फिटलं की 30 दिवसांत मालमत्तेचे सगळे मूळ कागद परत करायचे आणि नोंदवलेला बोजा उतरवायचा. उशीर बँकेमुळे झाला तर दर दिवसाला 5,000 रुपये कर्जदाराला द्यायचे. आता हिशोब करा. 5 मे धरली तर मुदत 4 जूनला संपली. कागद मिळाले 18 जुलैला. उशीर 44 दिवस, म्हणजे 2,20,000 रुपये. आणि 20 जून धरली तर? उशीर शून्य. कागद 28 दिवसांत, अगदी वेळेत, वर बँकेची शाबासकी! पाच वर्षं गप्प पडून राहिलेले 590 रुपये नेमके शेवटच्या आठवड्यात जागे होतात, आणि त्यांच्या आडून मुदतीचं घड्याळच थांबतं. हा योगायोग म्हणून सोडून द्यायचा?

बँक म्हणणार, शुल्क बाकी होतं म्हणजे कर्ज पूर्ण फिटलंच नव्हतं. ठीक. मग 9 मेचं पत्र काय होतं? त्यावर तुमचंच नाव, तुमचाच शिक्का (मी भांडून मारून घेतला म्हणून). तेच पत्र आता तक्रारीला जोडलंय. बँकेच्या तक्रार कक्षात लेखी, पोच घेऊन. 30 दिवसांत उत्तर नाही आलं किंवा उडवाउडवीचं आलं, की रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे, cms.rbi.org.in वर.

आणि तुम्ही, वाचताय ना? शेवटच्या हप्त्याच्या महिनाभर आधी लेखी विचारा, की मुद्दल, व्याज, शुल्क सगळं धरून या तारखेला एकूण किती भरायचं. उत्तर ईमेलवर घ्या. हप्ता गेल्यावर स्टेटमेंटमध्ये तीन गोष्टी बघा: शुल्काची ओळ, खात्याची स्थिती, बंद झाल्याची तारीख. कर्ज घेताना दिलेल्या मूळ कागदांची यादी सोबत न्या आणि खिडकीवरच एकेक कागद टिक करा. मागे लोक खोळंबले तर खोळंबू देत, ते बँकेला बोलतील. क्रेडिट रिपोर्टमध्ये 'क्लोज्ड' आलंय का बघा. 'सेटल्ड' आलं तर पुढची बँक समजते की तुम्ही पैसे बुडवून तडजोड केलीत.

आणि साहेब, तुम्हाला. आम्ही एक हप्ता दोन दिवस उशिरा भरला तर तुमचा फोन सकाळी आठला येतो. रविवारीही येतो. मग 590 रुपयांसाठी 2019 पासून एक फोन जमला नाही? कागद तिजोरीतून काढून द्यायला दीड महिना जास्त लागतो? पंधरा वर्षं एक दिवस इकडेतिकडे झाला नाही आमच्याकडून, त्याची पोच एवढीच? 5 मे लिहा त्या स्टेटमेंटवर. आणि 44 दिवसांचे पैसे खात्यात टाका, खाते क्रमांक तुमच्याकडे आहेच. फक्त शेवटचे दोन आकडे नीट बघून टाका.